लांब लिप्यंतराचे भाग पाडताना

मोडीतल्या लांब कागदाचे देवनागरी लिप्यंतर सहसा एका बैठकीत पुरे होत नाही. वतनाच्या तंट्यात वादीने आपल्या घराण्याची हकिकत सांगणारा करिना, किंवा गोतसभेच्या निवाड्याचा महजर, काही वेळा शेकडो ओळींचा असतो. हस्ताक्षर किचकट असते, एखादा शब्द अडला की त्यावरच बराच वेळ जातो आणि डोळे थकले की वाचन चुकू लागते. म्हणून असे काम भागांत पडते. कधी एकच माणूस ते चार दिवसांत करतो, कधी तिघे ते आपसांत वाटून घेतात. भाग पाडले की दोन चुकांना वाट मिळते. एक, मधल्या ओळी गळतात. दुसरी, त्याच ओळी दोनदा येतात. मूळ कागद दप्तरात रुमालात बांधलेला राहतो आणि पुढचे अभ्यासक लिप्यंतरावरच विसंबतात, त्यामुळे अशी चूक एकदा शिरली की पिढ्यान् पिढ्या टिकते.

या चुका नुसत्या वाचनाने बहुधा उघड होत नाहीत. एखादा शब्द चुकला तर वाक्य अडखळते आणि वाचणारा थबकतो. ओळी गळल्यावर मात्र वाक्य पुष्कळदा सुरळीतच राहते. त्याचे कारण नक्कल करण्याच्या क्रियेत आहे. लिहिणारा मूळ कागदावरचे चार शब्द पाहतो, नजर काढून ते लिहितो आणि पुन्हा कागदाकडे वळतो. वळलेली नजर जागा शोधते ती शेवटी लिहिलेल्या शब्दावरून. तोच शब्द पाचसहा ओळींखाली पुन्हा आला असेल, तर नजर तिथे जाऊन बसते. मधला मजकूर गळतो, पण दोन्ही टोकांना तोच शब्द असल्याने सांधा बेमालूम जुळतो. नजर खाली न जाता वर गेली, तर लिहिलेलाच मजकूर पुन्हा लिहिला जातो.

मोडी कागदात या घसरगुंडीला दुप्पट वाव आहे. मोडीत शिरोरेघ पानभर आधी ओढून घेतात आणि अक्षरे तिच्याखाली सलग लिहितात. दोन शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात, परिच्छेदही क्वचितच. नजरेला धरायला खूण कमी. त्यात मजकूर ठरावीक शब्दप्रयोगांनी भरलेला: सदरहू, मशारनिल्हे, येणेप्रमाणे, त्याउपरी. करिन्यात तर वंशावळ येते आणि तिथे तीच शब्दरचना पिढीगणिक फिरून येते. समजा, एका ओळीच्या अखेरीस ‘कान्होजीस पुत्र दोघे’ असे आहे आणि सहा ओळींनंतर ‘बाळोजीस पुत्र दोघे’. नजर पहिल्या ‘पुत्र दोघे’वरून दुसऱ्यावर गेली की लिप्यंतरात कान्होजीच्या नावापुढे बाळोजीची मुले लागतात. वाक्य शुद्ध, अर्थ स्पष्ट, पण मधली अख्खी पिढी नाहीशी आणि नातू मुलगे झालेले. वतनाचा वाद ज्या वंशक्रमावर उभा आहे तोच मोडला, आणि लिप्यंतर वाचणाऱ्याला कसलाही संशय येत नाही. अशी चूक पकडायची तर ओळी मोजाव्या लागतात. भागांची आखणी, सांध्यावरच्या खुणा आणि शेवटची तपासणी या सगळ्यांचा पाया ही मोजणीच आहे.

मोजणीत पहिला घोटाळा होतो तो छायाचित्रांमुळे. आज बहुतेक लिप्यंतर मूळ कागद समोर ठेवून होत नाही, त्याच्या छायाचित्रांवरून होते. लांब मराठी कागद म्हणजे एकाखाली एक चिकटवलेल्या अरुंद कागदांची गुंडाळी असते. यातल्या प्रत्येक कागदाला बंद म्हणतात. अशी गुंडाळी एका छायाचित्रात मावत नाही. काही सुटू नये म्हणून छायाचित्रे घेणारा दर वेळी आधीच्या चित्रातल्या शेवटच्या दोनतीन ओळी पुढच्या चित्रात मुद्दाम घेतो. ही खबरदारी योग्यच आहे, पण त्यामुळे त्या ओळी दोन चित्रांत दिसतात. लिप्यंतर करणारा प्रत्येक चित्र वरपासून खालपर्यंत उतरवत गेला, तर दर चित्रागणिक दोनतीन ओळी दुबार येणार. एकच माणूस सलग काम करत असेल तर त्याच्या ते ध्यानात येते, कारण नुकतेच लिहिलेले त्याला आठवत असते. पाचवे चित्र एकाकडे आणि सहावे दुसऱ्याकडे असेल, तर दोघांपैकी कुणालाही ते कळत नाही.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडला तर हे स्पष्ट होईल. समजा, एका करिन्याची १४ छायाचित्रे आहेत आणि प्रत्येकात ३२ ओळी दिसतात. सरळ गुणाकार केला तर ओळी ४४८ भरतात. पण पहिल्या अकरा चित्रांत लगतच्या दोन चित्रांमध्ये तीन-तीन ओळी सामाईक आहेत आणि शेवटच्या तीन सांध्यांवर दोन-दोन. एकूण सामाईक ओळी ३६. म्हणजे मूळ करिना ४१२ ओळींचा. कुणी ४४८ ओळींचे लिप्यंतर दिले तर ते फुगलेले आहे, ४०६ ओळींचे दिले तर त्यात सहा ओळी कमी आहेत. पण हे सांगता येते ते ४१२ हा आकडा आधीपासून हाती असेल तरच.

म्हणून लिप्यंतराचा पहिला शब्द लिहिण्याआधी सगळ्या ओळींना क्रमांक द्यायचे. हे काम एकाच माणसाने करावे. तो छायाचित्रांच्या छापील प्रतींवर समासात दर पाचव्या ओळीला आकडा घालत जातो: ५, १०, १५. मजकूर वाचायची त्याला गरज नसते, ओळी ओळखता आल्या की पुरे. नव्या चित्रावर आला की आधीच्या चित्राची शेवटची ओळ तो नव्या चित्रात शोधतो आणि तिला तोच क्रमांक देतो. आपल्या उदाहरणात पहिल्या चित्रात ओळी १ ते ३२ आहेत, तर दुसऱ्यात ३० ते ६१, तिसऱ्यात ५९ ते ९०. सामाईक ओळींवर तो पेन्सिलीने फुली मारतो, म्हणजे त्या आधीच उतरवल्या गेल्या आहेत हे लिप्यंतर करणाऱ्याला पाहताक्षणी कळते. क्रमांक चित्राच्या ओळीला दिला तर तो निरुपयोगी ठरतो, कारण एकच ओळ दोन चित्रांत दोन वेगळ्या जागी असते. तो कागदाच्या ओळीलाच द्यावा लागतो. साऱ्या कामात हीच पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाते.

मोजताना दोन प्रकारच्या ओळी चकवतात. कागद संपत आला की लिहिणारा डाव्या समासात आडवे लिहू लागतो किंवा उरलेला मजकूर कागदाच्या पाठीवर घेतो. पाठीचे छायाचित्र बहुधा सगळ्यात शेवटी असते, पण मजकुराच्या क्रमात ती ओळ मधली असू शकते. अशा ओळींना क्रमांक द्यायचा तो वाचनाच्या क्रमाने. तेवढ्यापुरते मोजणाऱ्याला वाचावेच लागते. दुसरा प्रकार फाटलेल्या किंवा कसरीने खाल्लेल्या ओळींचा. त्या वाचता येत नाहीत म्हणून मोजणीतून वगळल्या, तर पुढचे सगळे आकडे सरकतात. वाचता येवो न येवो, ओळीचा क्रमांक राखून ठेवायचा आणि लिप्यंतरात त्या जागी ‘ओळ ३०१ फाटलेली’ असे कंसात नोंदवायचे. लिप्यंतर सुरू झाल्यावर मोजणीतच एक ओळ सुटल्याचे दिसले, तर सगळे क्रमांक बदलू नयेत. सुटलेल्या ओळीला १८२अ असा क्रमांक दिला की बाकीच्यांचे काम बिघडत नाही. एकूण आकड्यात मात्र ती वाढ लगेच नोंदवावी.

यानंतर कागद कापायचा कुठे, हे ठरते. मनात पहिल्यांदा येते ते म्हणजे एकूण ओळींना तीनाने भागून तिघांना समान वाटे द्यावेत, किंवा चित्राच्या शेवटी तोडावे. दोन्ही सोयीचे, पण दोन्हीत खोट आहे. चित्राच्या शेवटी तोडले तर सांधा नेमका सामाईक ओळींवर येतो, म्हणजे जिथे ओळ दुबार येण्याची भीती सर्वांत जास्त तिथेच. समान वाटे केले तर तोड एखाद्या वाक्याच्या किंवा नावांच्या यादीच्या पोटात येऊ शकते. चांगली जागा चित्राच्या मधोमध असते आणि तिथे मजकुराला नवे वळण लागलेले असते: नवे कलम, नवी साल, ‘त्याउपरी’सारखी सुरुवात. अशी जागा दहापंधरा ओळी पुढेमागे सापडतेच. आपल्या करिन्यात पहिला भाग १ ते १३७, दुसरा १३८ ते २७९ आणि तिसरा २८० ते ४१२ असा पाडला, तर वाटे १३७, १४२ आणि १३३ ओळींचे होतात. बेरीज ४१२. पहिली तोड पाचव्या चित्रात पडते. त्या चित्रात ओळी ११७ ते १४८ आहेत, म्हणून तोड त्याच्या २१व्या आणि २२व्या ओळींमध्ये येते, सामाईक ओळींपासून बरीच दूर. वाटे अगदी समान नाहीत, त्याने काही बिघडत नाही.

तोड नेहमी ओळीच्या शेवटी असावी, ओळीच्या मध्ये कधीही नको. मोडीत मात्र ओळ संपली म्हणून शब्द संपला असे नसते. जागा संपली की लिहिणारा शब्द तिथेच तोडतो आणि जोडरेघही देत नाही. तोडीच्या ओळीवर असा शब्द आला, तर पहिला माणूस तो पुरा करायला पाहतो आणि दुसराही पुराच लिहितो. परिणामी एक शब्द दोनदा. अशा वेळी दोघांनी आपापलाच तुकडा लिहायचा आणि तुटलेल्या टोकाला बरोबरीचे चिन्ह द्यायचे: पहिल्या भागाच्या शेवटी ‘सरदेश=’ आणि दुसऱ्याच्या आरंभी ‘=मुखी’. चिन्हे एकमेकांसमोर आली की भाग एकत्र करणाऱ्याला शब्द सांधता येतो.

आता सांध्यावरची खूण. बहुतेक जण भागाच्या शेवटी ‘पुढे चालू’ एवढेच लिहितात. ते पुरेसे नाही. पुढे काय चालू, कोणत्या ओळीपासून, हे त्यातून कळत नाही. शिवाय तो शब्द मूळ मजकुरातला की लिप्यंतरकाराचा, असाही संशय राहतो. कामाला येणाऱ्या खुणेत भागाचा क्रमांक, ओळींची कक्षा, चित्रातली जागा आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द असतात. पहिल्या सांध्यावरच्या दोन खुणा अशा दिसतील (त्यातला मजकूर अर्थातच काल्पनिक):

```
[भाग १/३ समाप्त । ओळी १ ते १३७ । चित्र ५, ओळ २१
 अखेर: … वतन चालवीत आलो
 पुढे भाग २, ओळ १३८: त्याउपरी दुकाळ पडिला …]

[भाग २/३ आरंभ । ओळी १३८ ते २७९ । चित्र ५, ओळ २२
 मागे भाग १, ओळ १३७: … वतन चालवीत आलो
 आरंभ: त्याउपरी दुकाळ पडिला …]
```

पहिली खूण पहिल्या माणसाने लिहायची, दुसरी दुसऱ्याने, आणि एकमेकांची न पाहता. पहिला आपली शेवटची ओळ उतरवून झाल्यावर पुढच्या ओळीचे तीनचार शब्द वाचून खुणेत नोंदवतो. दुसरा आपली पहिली ओळ सुरू करण्याआधी मागच्या ओळीचे शेवटचे शब्द वाचून नोंदवतो. दोन्ही खुणांतले शब्द जुळले तर सांधा खरा. न जुळले, तर दोघांपैकी एकाने चुकीच्या ओळीवर सुरुवात किंवा शेवट केला आहे. ‘पडिला’ आणि ‘पडला’ इतकाच फरक असेल, तर ओळ बरोबर आहे, वाचनात मतभेद आहे, आणि तो तिथल्या तिथे सोडवता येतो. शेजारच्या भागाचे शब्द खुणेच्या कंसातच राहतात, मजकुरात उतरत नाहीत, म्हणून त्यांनी पुनरुक्ती होत नाही. मात्र तो चौकोनी कंस खुणा आणि नोंदींपुरताच राखून ठेवावा लागतो. फिकट अक्षरांच्या अंदाजी वाचनासाठीही तोच कंस वापरला, तर भाग एकत्र करताना खुणांबरोबर मजकूरही पुसला जाण्याचा धोका असतो.

दोन कागदांच्या सांध्यावर दोघांनाही लागू होणारी खूण करायची युक्ती मराठी दप्तराला नवी नाही. महजरासारख्या जोडकागदांत बंद जिथे चिकटवले तिथे मागच्या बाजूला शिक्का उमटवत. तो निम्मा एका बंदावर आणि निम्मा दुसऱ्यावर येई. मधला बंद काढला किंवा नवा घुसवला तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळत नसत. पत्राचा शेवटही असाच बांधलेला असे. ‘लेखनसीमा’ लिहिले किंवा समाप्तीचा शिक्का उमटला की त्याखाली कुणी काही वाढवले तर ते उघडे पडे. लिप्यंतराच्या शेवटच्या भागालाही अशी सीमा हवी. त्याच्या खुणेत ‘पुढे’ ही ओळ नसावी. ‘संपूर्ण, एकूण ओळी ४१२’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर चौथा भाग हरवला आहे की मुळातच नव्हता, हे दहा वर्षांनी कुणालाही सांगता येणार नाही.

पोथ्यांच्या नकलांतही मोजणीची जुनी शिस्त दिसते. पोथीची पाने सुटी असत, म्हणून पानाच्या मागल्या बाजूला समासात पत्रांक आणि ग्रंथाच्या नावाचे संक्षिप्त रूप लिहीत. पान गळले तर आकडा तुटतो, दुसऱ्या पोथीचे पान मिसळले तर नाव बोलते. अनेक ग्रंथांच्या शेवटी ग्रंथसंख्या दिलेली असते. ३२ अक्षरांचा एक ग्रंथ असे ते माप, गद्यालाही लागू पडणारे. नक्कल करणाऱ्याची मजुरीही त्यावर मोजता येई. ओवीबद्ध ग्रंथात अध्यायाच्या अखेरीस ओवीसंख्या येते. दासबोधाची रचना तर मोजणाऱ्याच्या सोयीची: २० दशक, प्रत्येकात १० समास, आणि समासातल्या ओव्यांना क्रमांक. अशा ग्रंथाची नक्कल कितीही जणांत वाटली तरी गळलेली ओवी लपत नाही. करिन्याला अशी अंगची मोजणी नसते. ती बाहेरून घालावी लागते, एवढाच फरक.

भाग वाटून नक्कल करण्याची पुरी व्यवस्था तेराव्या शतकात पॅरिस आणि बोलोन्यातल्या विद्यापीठांभोवती उभी राहिली होती. तिथले ग्रंथविक्रेते पाठ्यग्रंथाची तपासलेली प्रत न बांधता सुट्या, क्रमांकित तुकड्यांत ठेवत. एका तुकड्याला पेचिया म्हणत आणि तो बहुधा चार पत्रांचा असे. नक्कल करणारा एक तुकडा भाड्याने नेई, उतरवून परत करी आणि पुढचा घेई. त्यामुळे एका ग्रंथाच्या अनेक नकला एकाच वेळी चालत. नकलेच्या समासात पुष्कळदा पेचियाचा क्रमांक टिपलेला सापडतो आणि त्यावरून कोणता तुकडा कुठे संपला हे आजही दाखवता येते. या पद्धतीची फजितीही त्याच पोथ्यांत दिसते. हवा असलेला तुकडा दुसऱ्याकडे गेलेला असे, तेव्हा नकलाकार अंदाजाने जागा कोरी सोडून पुढचा तुकडा उतरवी. मग राहिलेला तुकडा मिळाल्यावर जागा कमी पडे आणि अक्षरे बारीक होत जात, किंवा जागा उरे आणि अक्षरे पसरत. मधला भाग मागाहून भरायचा असेल तर नुसती मोकळी जागा भरवशाची नसते, हा त्यातला उपयोगी धडा. ‘येथे ओळी १३८ ते २७९ येणे बाकी’ असे लिहून ठेवले तर जागेच्या अंदाजावर काही अवलंबून राहत नाही.

मूळ कागदातच पुनरुक्ती असेल तर लिप्यंतरकाराची परीक्षा होते. लांब हिशेबाच्या कागदात एका पानाच्या तळाशी आलेली बेरीज पुढच्या पानाच्या आरंभी पुन्हा घेतलेली असते. ती दोन्ही ठिकाणी उतरवायची, कारण ती लिहिणाऱ्याचीच आहे. मूळ कारकुनाची नजर घसरून त्याने एक ओळ दोनदा लिहिली असेल, तर तीही दोनदाच उतरवायची आणि कंसात ‘मुळात दोनदा’ अशी नोंद करायची. नोंद नसेल तर पुढचा तपासणारा ती दुबार ओळ सद्भावनेने खोडतो आणि खऱ्या पुराव्यावर हरताळ फासतो. जुन्या पोथ्यांत चुकीचे अक्षर झाकायला खरोखरच पिवळी हरताळ लावत, तेव्हा हा शब्दप्रयोग इथे अगदी त्याच्या मूळ जागी बसतो.

तपासणीचा क्रम असा. पहिल्यांदा प्रत्येक चित्रावरच्या शेवटच्या ओळीचा क्रमांक लिप्यंतराशी ताडून पाहायचा. वंशावळीचे उदाहरण इथे पुन्हा घेता येईल. ‘कान्होजीस पुत्र दोघे’ ही ओळ २१२ आणि ‘बाळोजीस पुत्र दोघे’ ही २१८ असे समजू. दोन्ही आठव्या चित्रात आहेत. या चित्रात ओळी २०४ ते २३५ दिसतात. नजर घसरून २१३ ते २१८ या सहा ओळी गळल्या, तर लिप्यंतरकार २१९व्या ओळीला २१३ म्हणू लागतो आणि चित्राच्या तळाशी पोचतो तेव्हा त्याच्या वहीत आकडा असतो २२९. चित्राच्या समासात मात्र २३५ लिहिलेले आहे. चूक त्याच चित्रात, फार तर पंधरावीस मिनिटांच्या आत पकडली जाते.

ही ताडणी भागाच्या शेवटी एकदाच केली तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या भागात १४२ ओळी अपेक्षित आहेत. समजा, त्याच माणसाने वरच्या सहा ओळी गाळल्या, आणि चित्रे बदलताना दोन ठिकाणी तीन-तीन सामाईक ओळी दुबार उतरवल्या. सहा कमी, सहा जास्त, बेरीज बरोबर १४२. एकूण आकडा जुळला म्हणून तपासणारा निर्धास्त होतो आणि लिप्यंतरात चुकीची वंशावळ कायमची बसते. म्हणून एकूण बेरीज हा पुरावा मानू नये. चित्रागणिक ताडणी हवी, आणि ओळ लिहितानाच तिच्या आधी क्रमांक लिहायची सवय हवी. मागाहून संगणकाकडून घातलेले क्रमांक निरर्थक असतात. गळलेल्या ओळींवरूनही ते १, २, ३ असे सुखाने पुढे जातात.

लिप्यंतर संगणकावरच्या तक्त्यात केले, तर ही नजर ठेवणे सोपे जाते. पहिल्या स्तंभात हाताने टंकलेला ओळ क्रमांक, दुसऱ्यात चित्र, तिसऱ्यात मजकूर. चौथ्या स्तंभात हे सूत्र घालून खाली ओढायचे:

```
=A3-A2
```

उत्तर सगळीकडे १ यायला हवे. ० आले तर ओळ दुबार आहे, ७ आले तर सहा ओळी मध्ये नाहीत. क्रमांकांचा हा स्तंभ इंग्रजी अंकांत असावा, कारण देवनागरी अंक काही तक्त्यांत संख्या न ठरता नुसती अक्षरे ठरतात आणि वजाबाकी होत नाही. १८२अ सारख्या ओळीवरही सूत्र अडेल. तिथे 182.1 लिहावे आणि १च्या जागी आलेली अपूर्णांकी उत्तरे त्या ओळीमुळे आहेत हे ओळखावे. वेगवेगळ्या फायलींत भाग ठेवायचे असतील, तर नावात दोन अंकी क्रमांक द्यावा, `bhag-02`, `bhag-10` असा. एकच अंक दिला तर अनेक संगणक दहावा भाग दुसऱ्याच्या आधी मांडतात, आणि फायली त्याच क्रमाने जोडल्या गेल्या तर सगळे मुसळ केरात.

आकडे जुळल्यावर सांध्यांचे वाचन करायचे. त्यासाठी भाग उतरवणाऱ्यांपैकी कुणी नको, तिसरा माणूस हवा. तो सांध्याच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच ओळी मूळ चित्रावरून मोठ्याने वाचतो आणि दुसरा लिप्यंतरावर बोट ठेवून ताडून पाहतो. तीन भागांना दोनच सांधे असतात, त्यामुळे याला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात दोन लिप्यंतरकारांच्या सवयींतला फरकही दिसतो. एकाने ‘मौजे’ पूर्ण लिहिले आहे आणि दुसऱ्याने ‘मौ॥’ असे संक्षेपच ठेवला आहे, एकाने ऱ्हस्वदीर्घ मुळाप्रमाणे ठेवले आणि दुसऱ्याने सुधारले, असे काही. तो फरक ओळी गळण्याइतका गंभीर नसला तरी शब्दशोध करणाऱ्याला पुढे नडतो.

ही सगळी शिस्त कुठे तोकडी पडते? ओळीच्या आत गळलेले शब्द तिला दिसत नाहीत. एकाच ओळीत ‘सदरहू’ दोनदा आले आणि मधले चार शब्द सुटले, तर ओळींचा आकडा जुळतोच. तिथे दोघांनी ताडून वाचण्याला पर्याय नाही. पोथी तपासणारे अशा सुटलेल्या शब्दाच्या जागी काकपद काढून शब्द समासात लिहीत आणि पुष्कळदा शेजारी ओळीचा आकडाही देत. लिप्यंतराच्या छापील तपासणी प्रतीवर तीच पद्धत आजही सोयीची आहे.

भाग एकत्र केल्यावर सांध्यावरच्या खुणा काढाव्यात की ठेवाव्यात, यावर दोन मते आढळतात. प्रकाशित करायच्या प्रतीतून त्या काढणे योग्य, कारण वाचकाला कामाच्या वाटणीशी देणेघेणे नसते. पण ओळींचे आणि चित्रांचे क्रमांक समासात ठेवावेत. खुणांसहित असलेले मूळ तीन भागही, एकत्रित प्रत तयार झाली म्हणून पुसून टाकू नयेत. पुढे कुणी एखाद्या ओळीवर शंका घेतली, तर ती ओळ कुणी, कोणत्या चित्रावरून उतरवली हे त्या भागांवरूनच सांगता येते.